करवल्यांचा अमेरिकन मानपान

अमेरिकेतल्या लग्नात वधूच्या मागे एकाच रंगाच्या पोशाखात उभ्या राहणाऱ्या पाच-सहा मैत्रिणी आपण सिनेमात पाहिलेल्या असतात. सिनेमात न दिसणारी गोष्ट अशी, की त्या ड्रेसचे पैसे बहुतेक वेळा त्या मैत्रिणींनीच भरलेले असतात. इंग्लंडमध्ये ब्राइड्समेडचा ड्रेस साधारणपणे वधूकडून येतो, अमेरिकेत तो जिचा तिने घ्यायचा अशी रीत आहे. ड्रेसखेरीज तो अंगाबरोबर बसवून घेण्याची शिलाई, सांगितलेल्या रंगाचे बूट, केशरचना, विमानाचं तिकीट, हॉटेल, लग्नाआधीची मैत्रिणींची सहल म्हणजे बॅचलरेट, आणि हे सगळं झाल्यावर पाहुणी म्हणून लग्नाची भेट ती वेगळीच. वराच्या मित्रांची, म्हणजे ग्रूम्समेनची, यादी थोडी आखूड असते. सूट भाड्याने मिळतो आणि केसांना कोणी हात लावत नाही.

या सगळ्याबद्दल नवरा-नवरीने त्यांना आभाराची भेट द्यायची असते. ती बहुधा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, रिहर्सल डिनरला, सगळ्यांच्या देखत दिली जाते, आणि घोळ नेमका तिथे होतो. एकीला नाजूक सोन्याची साखळी, दुसरीला सुगंधी मेणबत्ती. जिला मेणबत्ती मिळाली ती दीड हजार डॉलर खर्चून आलेली, आणि साखळीवाली त्याच गावात राहणारी. कोणी काही बोलत नाही, पण हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात होऊन जातो.

आता हा प्रश्न आपला कधी झाला? गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक कुटुंबांना ब्राइड्समेड आणि बेस्टमन नवे नाहीत. चर्चच्या नियमाप्रमाणे विवाहाला दोन साक्षीदार लागतातच, आणि ते बरेचदा हेच असतात. पण गेल्या काही वर्षांत न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही सकाळी अंतरपाट आणि संध्याकाळी ब्राइड्समेड अशी लग्नं होऊ लागली आहेत. मुलीचे मित्र-मैत्रिणी तिकडचे, आई-वडील इकडच्या मानपानात वाढलेले. ‘या मुलींना काय द्यायचं, सगळ्यांना सारखं की जवळच्यांना जास्त?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतोच.

आपल्याकडच्या मानपानाला आपण भरपूर नावं ठेवतो, पण त्यात एक सोय आहे. करवलीला काय द्यायचं, कानपिळीला वधूच्या भावाला काय मिळणार, हे नात्यावरून ठरतं. नवरीचं त्या भावाशी वर्षभर बोलणं नसलं तरी कान तोच पिळतो आणि मान त्यालाच मिळतो. त्यामुळे मिळालेल्या वस्तूवरून कोणी प्रेम मोजत नाही, फार तर घराण्याची ऐपत मोजतं. ब्राइड्समेड मात्र मनाने निवडलेली असते. तिच्या हातात पडलेली भेट ती आपसूक आपल्या जागेची पावती म्हणून वाचते. म्हणून तिकडे जवळीक वस्तूच्या किमतीत घालणं धोक्याचं ठरतं.

एमिली पोस्ट यांचं ‘एटिकेट’ हे पुस्तक 1922 साली आलं. अमेरिकन शिष्टाचाराची ती जणू पोथीच. वराच्या मित्रांना द्यायच्या भेटींत त्यांनी कफलिंक्सना पहिली पसंती दिली आहे, आणि बेस्टमनची भेट इतरांपेक्षा किंचित वरचढ असली तरी चालेल, असंही म्हटलं आहे. शंभर वर्षांपूर्वीची ही वाटणी नीट पाहण्यासारखी आहे. बाकी सगळे एका पातळीवर, आणि फरक फक्त कामावरून. जवळचा मित्र, लांबचा मित्र अशी पायरी त्यात नाही.

एक लग्न हिशेबाला घेऊ. मुलगी न्यू जर्सीत वाढलेली मराठी, मुलगा अमेरिकन. तिच्या बाजूला पाच जणी: धाकटी बहीण (हीच मेड ऑफ ऑनर), शाळेपासूनची मैत्रीण जी आता सिअ‍ॅटलला असते, कॉलेजची रूममेट, अजून शिकत असलेली चुलतबहीण, आणि वराची बहीण, जिच्याशी ओळख जेमतेम वर्षाची. मुलाच्या बाजूला चौघे, त्यातला एक बेस्टमन. दोघांनी मिळून या नऊ जणांसाठी 1,300 डॉलर बाजूला ठेवले आहेत.

पहिला बेत असा. प्रत्येक मैत्रिणीला ‘माझी ब्राइड्समेड होशील का?’ असं विचारणारी सजवलेली पेटी, 35 डॉलर. लग्नाच्या सकाळी मेकअप करताना घालायचा सॅटिनचा झगा, पाठीवर ‘ब्राइड्समेड’ अशी अक्षरं, 45 डॉलर. लग्नात घालायचे एकसारखे कानातले, 30. आणि आदल्या रात्री गळ्यातली साखळी, 70. एकीचे झाले 180, पाच जणींचे 900. मुलांना प्रत्येकी नाव कोरलेला फ्लास्क 40 डॉलरचा, लग्नात लावायचा टाय 30 चा, घडीचा चाकू 30 चा. चौघांचे 400. बेरीज बरोबर 1,300.

कागदावर हे उदार दिसतं. पण भेटींच्या पंगतीत बसलेल्या काही वस्तू मुळात भेटी नाहीतच. कानातले आणि टाय हा गणवेश आहे, लग्नाच्या फोटोसाठी लागतो म्हणून दिलेला. झगा तर केवळ सकाळच्या फोटोसाठी. दुसऱ्या दिवसापासून पाठीवर ‘ब्राइड्समेड’ लिहिलेला झगा कोण घालणार? पेटी ही विचारणा झाली, आभार नव्हे. ओळखायची खूण साधी आहे: ती वस्तू दिली नसती तर लग्नात काही अडलं असतं का? अडलं असतं, तर तो लग्नाचा खर्च, आणि तो यजमानांनी आपल्या खात्यावर गुपचूप टाकावा. मराठी लग्नात याला आणखी एक शेपूट असतं. मैत्रिणींनी मेंदीला घागरा आणि मुहूर्ताला साडी नेसावी अशी हौस असेल, तर त्या साड्या, शिवलेल्या ब्लाउजांसह, आपण द्यायच्या. त्यांना आभाराची भेट म्हणायचं नाही. ज्या मुलीने आयुष्यात साडी नेसलेली नाही तिच्यासाठी ती सुंदर असेलही, पण आधी ती आपली मागणी आहे.

आता सिअ‍ॅटलच्या मैत्रिणीचा खर्च मांडू. ड्रेस 160, शिलाई 60, बूट 50, लग्नाचं विमान 400, दोन रात्री हॉटेल 360, नॅशव्हिलला ठरलेली बॅचलरेट सहल 450. झाले 1,480 डॉलर. तिला 70 च्या साखळीऐवजी 120 ची दिली तरी या आकड्यापुढे त्याला काही अर्थ नाही. उलट इतर चौघींना वाटेल, तिलाच का? वेगवेगळ्या खिशांतली दरी भेटीने भरून निघत नाही. ती आधीच, मागण्या करतानाच, आखूड ठेवावी लागते.

ती कशी, तेही याच हिशेबात दिसतं. सगळ्यांनी एकच ड्रेस घेण्याऐवजी रंग तेवढा सांगितला, गडद हिरवा, आणि बाकी ज्याची त्याची निवड. अंगाला नीट बसणारा तयार ड्रेस तिने शंभरात आणला, शिलाईचा प्रश्नच उरला नाही. बूट घरातले कोणतेही चालतील, कारण लांब ड्रेसखाली ते दिसत नाहीत. हॉटेलऐवजी एडिसनमधल्या मावशीकडची मोकळी खोली. आपल्या माणसांना ही व्यवस्था सहज जमते, मावश्या तयारच असतात. आणि नॅशव्हिल रद्द करून बॅचलरेट लग्नाच्याच आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी तिथल्या तिथे, माणशी शंभरात. आता तिचा खर्च 600. जे 880 डॉलर वाचले त्यात नवरीचा एक छदामही गेला नाही. कुठलीही साखळी याची बरोबरी करू शकत नाही.

हे सगळं विचारतानाच लिहून सांगायला हवं. ‘हो’ म्हटल्यावर मग खर्च कळत जाणं हे या प्रथेतलं सर्वांत मोठं दुखणं आहे, कारण मैत्रिणीला मागे फिरता येत नाही. काय सक्तीचं, काय ऐच्छिक, अंदाजे किती लागतील आणि नाही म्हटलंस तरी चालेल, एवढं एका साध्या निरोपात मावतं. सजवलेल्या पेटीची मग गरज राहत नाही.

चुलतबहिणीचं काय? ती विद्यार्थिनी, तिला शंभराचा ड्रेससुद्धा जड. तिला एकटीला बाजूला घेऊन पैसे देणं हा सरळ मार्ग वाटतो, पण पाच जणींच्या गटात असली गोष्ट फार दिवस झाकून राहत नाही, आणि उघडी पडली की तिलाच कानकोंडं होतं. त्यापेक्षा पाचही जणींना एकाच मजकुराचा निरोप जावा: ‘ड्रेसचे पैसे आम्ही देऊ शकतो. ज्यांना सोयीचं असेल त्यांनी फक्त मला सांगा.’ नोकरी करणाऱ्या बहुतेक जणी गप्प राहतात, जिला गरज आहे ती सांगते. ही रक्कम लग्नाच्या कपड्यांच्या खात्यातून जाते, आभाराच्या 1,300 मधून नाही. मदत आणि भेट एकत्र केली की भेट घेणारीला उपकारासारखी लागते. आदल्या रात्री तिला इतरांसारखीच वस्तू मिळाली पाहिजे. ‘तुला ड्रेस दिला ना’ म्हणून छोटी नाही.

आता 1,300 ची नवी वाटणी. पेटी आणि झगा काढले. एकीमागे 80, म्हणजे पाच जणींचे 400 मोकळे झाले. लग्नाच्या सकाळी केशरचना सगळ्यांनी त्या ठरवलेल्या बाईंकडूनच करून घ्यायची असं नवरीने सांगितलं होतं, आणि तिचा दर नेमका माणशी 80. ते 400 तिथे गेले. सांगितलं आपण, पैसे आपले. (मेकअप ऐच्छिक ठेवला, ज्यांना हवा त्यांनी आपला करावा.) पाच जणींचे कानातले 150 आणि चौघांचे टाय 120, हे गणवेशाच्या नावावर. उरतात 630. त्यातून नऊच्या नऊ जणांना 60 डॉलरची एकसारखी भेट, म्हणजे 540. राहिलेल्या 90 पैकी 45 मेड ऑफ ऑनरला आणि 45 बेस्टमनला जास्तीचे.

इथे हरकत येईल, की मुलींवर जास्त खर्च झाला. झाला, कारण मुलींवर जास्त सक्ती होती. भेटीचा आकडा मात्र दोन्ही बाजूंना एकच. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुलना मुलींमुलींत होते त्याहून जास्त नवरा-बायकोत होते. ब्राइड्समेड आणि ग्रूम्समन हे जोडपंच असेल, तर रात्री हॉटेलच्या खोलीत दोन्ही पिशव्या एकाच पलंगावर रिकाम्या होतात.

साठ डॉलरचं काय घ्यावं? इथे अनुभवी लोक ‘जात एक, निवड वेगळी’ असं धोरण ठेवतात. आपल्या उदाहरणात नऊ जणांना कॅनव्हासची दोन दिवसांच्या प्रवासाची बॅग, प्रत्येकाच्या आवडीच्या रंगात. पूर्ण सारखी वस्तू दिली तर घाऊक खरेदी वाटते. पूर्ण वेगळी दिली की किमती ताडून पाहिल्या जातात. एकाच दुकानातली, एकाच किमतीची, रंग मात्र तुला आवडतो तो, असं केलं की दोन्ही अडचणी टळतात. शिवाय बॅगेला माप लागत नाही आणि ती बाई-पुरुष दोघांना चालते.

माप, कान, पेय आणि विमान या चार ठिकाणी नेहमीच्या भेटी अडकतात. झग्याला माप लागतं, आणि एकच माप सगळ्यांना होतं हे दुकानदाराचं म्हणणं जाड मुलीला सगळ्यांसमोर खोटं ठरताना पाहावं लागतं. कानातले घ्यायचे तर कान टोचलेले आहेत का, आणि निकेलची अ‍ॅलर्जी तर नाही ना, हे आधी विचारावं. न पिणाऱ्याला फ्लास्क ही जुनी चूक. कफलिंक्सना दोन्ही बाजूंनी काज असलेली बाही लागते. साध्या बटणाच्या शर्टाला त्या लागतच नाहीत, मग खणात पडून राहतात. आणि घडीचा चाकू! ग्रूम्समेनना तो देण्याची अमेरिकेत चांगलीच फॅशन आहे, पण विमानात हातातल्या सामानात चाकू नेता येत नाही. रविवारी सकाळी फक्त खांद्यावरची पिशवी घेऊन निघालेला मित्र तो चाकू विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत सोडून जातो. अत्तराची किंवा मद्याची 100 मिलिलिटरहून मोठी बाटली दिली तर तिचंही तेच होतं.

नाव कोरण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टाळा. अक्षर चुकलं तर बदलून मिळत नाही. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग तिकडच्या दुकानात काय रूप घेईल सांगता येत नाही. आणि ऐनवेळी कोणी गळलं, कोणी नवं आलं, की कोरलेली वस्तू कोणाच्याच उपयोगाची नाही. लग्नाची तारीख आणि नवरा-नवरीची आद्याक्षरं कोरलेली वस्तू तर मैत्रिणीच्या घरात आपल्या लग्नाची जाहिरात होऊन बसते. कोरायचंच असेल तर तिचं पहिलं अक्षर, आणि तेही आतल्या बाजूला. एक बॅग जास्तीची मागवून ठेवावी. शेवटच्या क्षणी धावून आलेल्या माणसाला ती देता येते.

बहिणीला आणि बेस्टमनला जे 45 डॉलर जास्तीचे गेले, ते उघडपणे द्यायला हरकत नाही, कारण कारण सगळ्यांना माहीत आहे. एकीने केळवणापासून बॅचलरेटपर्यंतचं गणित सांभाळलं, दुसऱ्याने अंगठ्या जपल्या आणि भाषण केलं. पण नीट पाहा, पद आणि काम नेहमी एकाच माणसाकडे असतं असं नाही. बहिणीच्या नावावर मान आणि रूममेटच्या खांद्यावर सगळी पळापळ, असं फार वेळा होतं. अशा वेळी बहिणीचे 45 कापायचे नाहीत, ते नात्याचे आहेत. रूममेटसाठी वेगळी सोय करावी. लग्नानंतर महिन्याभराने तिला एकटीला चांगल्या ठिकाणी जेवायला न्यावं, हे मला बॅगेत चिकटवलेल्या जास्तीच्या वस्तूपेक्षा बरं वाटतं. ते कोणासमोर उलगडून दाखवावं लागत नाही.

मग बालमैत्रीण आणि वर्षभराची नणंद यांत काहीच फरक नाही? आहे, आणि तो लिहून द्यायचा असतो. प्रत्येक बॅगेत हाताने लिहिलेलं एक पत्र आणि घरातलीच एखादी बिनकिमतीची गोष्ट. बालमैत्रिणीला आठवीतल्या सहलीचा फोटो छापून. रूममेटला तिचंच, चार वर्षं परत न केलेलं पुस्तक. पत्र किती लांब आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून जवळीक तिथे मनसोक्त मांडता येते. नणंदेला चार ओळी पुरतात, पण त्या खऱ्या हव्यात. जिच्याशी ओळख नवी आहे तिला ‘तुझ्याशिवाय हे लग्न झालंच नसतं’ असं लिहिलं तर तिलाही ते पटत नाही. ‘पहिल्यांदा तुमच्या घरी आले तेव्हा तू माझ्या शेजारी येऊन बसलीस, ते लक्षात आहे’ एवढं बस. पत्रं रिहर्सल डिनरला मोठ्याने वाचू नयेत आणि इंटरनेटवर टाकू नयेत. वाचली की तीही मोजली जातात. नऊ पत्रांना दोन-तीन संध्याकाळी लागतात. लग्नाच्या आठवड्यात त्या मिळत नाहीत, म्हणून महिनाभर आधी बसावं.

दोन प्रसंग उरतात. कोणी ड्रेस घेऊन बसली आणि आजारपणामुळे येऊ शकली नाही, तर तिची बॅग आणि पत्र पोस्टाने गेलंच पाहिजे. खर्च तिनेही केला होता. आणि ज्यांनी विमानाने येऊन दोन दिवस दिले, त्यांच्याकडून वर लग्नाच्या भेटीची अपेक्षा ठेवणं मला तरी लोभीपणाचं वाटतं. अमेरिकन रीत अजून ती अपेक्षा ठेवते. मैत्रिणी आपापसात वर्गणी काढून एकत्र भेट देतात, आणि त्या वर्गणीत पुन्हा चुलतबहीणच अडचणीत येते, कारण समान वाटा काढायला नाही म्हणणं तिला जमत नाही. नवरीने आधीच सांगून टाकावं, की तुम्ही नऊ जणांनी काही आणायचं नाही.

वधूच्या आईला यात एक काम आहे. पाचही मुलींची खणानारळाने ओटी भरायची असेल तर जरूर भरावी, मुलांना श्रीफळ द्यावं, पण पाकिटं घालू नयेत. तिकडच्या मुलांना पाकिटातली नोट मजुरीसारखी वाटू शकते, आणि कोणाच्या पाकिटात किती हे आपल्याकडच्या पाहुण्यांइतकंच त्यांनाही कळतं. ओटी मात्र पाचही जणींची एकसारखी भरावी, लेकीच्या नणंदेचीसुद्धा.